समाचारास जाताना

आजारी आप्ताची विचारपूस करावयास जाणे आणि ज्याच्या घरी मृत्यू घडला आहे त्याचे सांत्वन करावयास जाणे, या दोन्ही गोष्टींना मराठीत 'समाचाराला जाणे' हा एकच शब्दप्रयोग रूढ आहे. आणि या एकाच शब्दामुळे पोशाखाच्या बाबतीत केवढा घोटाळा होऊ शकतो, हे माझ्या ध्यानात आले ते आत्याच्या खाटेशेजारी बसलो असताना. माझी आत्या त्या वेळी ७४ वर्षांची होती. न्हाणीघरात पाय घसरून तिच्या खुब्याचे हाड मोडले, तिला पुण्यातील एका रुग्णालयात दाखल करण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियाही झाली. शस्त्रक्रियेनंतरच्या तीन संध्याकाळी, भेटीसाठी मुक्रर केलेल्या दोन तासांत, आमच्या घरातील जी मंडळी येऊन गेली त्यांच्या वस्त्रांचे निरीक्षण करण्यास मला भरपूर सवड मिळाली, कारण रात्रीच्या सोबतीचे काम माझ्याकडे होते आणि एका लोखंडी स्टुलापलीकडे मला दुसरी जागा नव्हती.

पहिल्या संध्याकाळी आमची धाकटी वहिनी आली ती एका मुंजीच्या भोजनावरून थेट. अंगावर जांभळी रेशमी साडी, तिला चार बोटे रुंद जरीचा काठ, केसांत मोगऱ्याचा गजरा, आणि वर्षातून दोनदाच ट्रंकेबाहेर पडणाऱ्या वस्त्राला येतो तो डांबरगोळ्यांचा उग्र दर्प. तिच्या मनात ओलावा नव्हता असे कोणी म्हणू नये. जेवणाच्या पंगतीतून उठून ती धावत आली होती. परंतु आत्याला वाकून नमस्कार करताना तिचा पदर खांद्यावरून घसरला आणि खाटेच्या कडेला अडकवलेल्या लघवीच्या पिशवीवर पडला. तो सावरताना जरीच्या काठातून सुटलेली एक तार आत्याच्या हातावरील सलाईनच्या सुईच्या चिकटपट्टीत अडकली, आणि वहिनीने हात मागे घेताच सुई हलून आत्या कळवळली. परिचारिका आली, तिने पट्टी बदलली, काही बोलली नाही. मात्र त्यानंतर अर्धा तास आत्याला मळमळत होते, आणि ते भुलीच्या औषधांमुळे की मोगरा व डांबर यांच्या संयुक्त वासामुळे, याचा निवाडा करणे कठीण होते.

दुसऱ्या संध्याकाळी थोरल्या वहिनी आल्या. त्या विचारी बाई. आदल्या दिवशीची हकीकत त्यांच्या कानावर गेली होती, म्हणून त्यांनी सारा भडकपणा टाळून पांढरीशुभ्र, बिनकाठाची मलमलची साडी नेसली होती. कपाळावर टिकली बारीक, हातात बांगडी एकेकच. औषधाच्या गुंगीतून जागी होत असलेल्या आत्याने डोळे उघडले, पायथ्याशी उभ्या असलेल्या त्या शुभ्र आकृतीकडे क्षणभर पाहिले आणि क्षीण आवाजात विचारले, "कोण गेलं गं?"

या दोन प्रसंगांतून पोशाखाची एक कसोटी माझ्या हाती लागली, आणि पुढील सारे विवेचन तिच्याच आधाराने करावयाचे आहे. रुग्णाला भेटावयास जाताना आपण जे नेसतो ते आरशापुढे उभे राहून ठरवतो. वास्तविक ते खाटेवर उताणे पडून ठरवावयास हवे. उताण्या पडलेल्या माणसाला आपला पोशाख समोरून, बेताच्या अंतरावरून दिसत नाही. तो खालून वर, फार जवळून दिसतो, वाकलेल्या स्थितीत दिसतो, आणि त्याच्या अंगाखालून, अंगावरून, कुशीतून गेलेल्या नळ्यांच्या सान्निध्यात येतो. त्यामुळे वस्त्राचा कोणता भाग लोंबतो, हा रुग्णालयातला पहिला प्रश्न आहे. ते किती उंची आहे किंवा कितपत शोभते हे प्रश्न पुष्कळ मागून येतात.

लोंबणाऱ्या गोष्टींची मोजदाद एकदा घरी करून पाहावी. साडीचा पदर, ओढणीची दोन्ही टोके, पुरुषांच्या खांद्यावरील उपरणे, गळ्यातील टाय, वाकताच पुढे झुलणारे मंगळसूत्र, आणि, ज्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही असा, सदऱ्याचा वरचा खिसा, ज्यातून फौंटनपेन, चष्म्याचे घर किंवा मोबाइल फोन नेमका रुग्णाच्या छातीवर पडतो. या प्रत्येकाला दोन भये आहेत. पहिले भय अडकण्याचे. सलाईनची नळी, नाकातील प्राणवायूची नळी, लघवीची नळी आणि जखमेतील पाझर वाहून नेणारी नळी या चारही सहसा खाटेच्या ज्या बाजूला आपण बसतो त्याच बाजूने निघालेल्या असतात, आणि त्यांतील लघवीची पिशवी तर मूत्राशयाच्या पातळीखाली टांगणे भाग असल्याने नेमकी आपल्या गुडघ्याजवळ येते. दुसरे भय वाहकत्वाचे. जे टोक पिशवीला, फरशीला किंवा शेजारच्या खाटेच्या चादरीला शिवून आले तेच पुढच्या क्षणी आपल्या रुग्णाच्या पांघरुणावर टेकते, आणि त्यानंतर आपल्याबरोबर बसमध्ये बसून घरी येते. साडीच्या बाबतीत उपाय सोपा आहे: पदर घट्ट चुण्यांचा करून खांद्यावर टाचणीने पक्का करावा, त्याचे टोक मागून फिरवून कमरेला डाव्या बाजूस खोचावे, आणि साडी नेहमीपेक्षा दोन बोटे वर नेसावी, म्हणजे निऱ्या फरशी झाडणार नाहीत. नऊवारी नेसणाऱ्या आजींना हा सल्ला देण्याची गरज नव्हती. कासोटा मारून पदर खोचणे हा त्यांचा रोजच्या कामाचा शिरस्ताच होता.

बाह्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. २००७ साली ब्रिटनच्या आरोग्यखात्याने आपल्या रुग्णालयांतील डॉक्टर व परिचारिका यांच्यासाठी असा दंडक घातला की रुग्णाची तपासणी करताना कोपराखालचा हात उघडा असावा: लांब बाह्या नकोत, मनगटी घड्याळ नको, टाय नको, आणि डॉक्टरांचा परंपरागत लांब पांढरा कोटही नको. बाही हीच रोगाचे घर आहे, असा सिद्धान्त या दंडकामागे नव्हता, आणि बाह्या आखूड केल्याने रोगसंसर्ग किती घटला याचा भक्कम पुरावाही फारसा पुढे आलेला नाही; मुख्य हेतू हा की लांब बाहीचा माणूस मनगटापर्यंत हात धूत नाही, बाही भिजेल या धास्तीने बोटांची टोके ओली करून परत येतो. हे आपणांसही लागू आहे. समाचारास जाणाऱ्याने अर्ध्या बाहीचा बुशशर्ट किंवा सहज वर सरकणाऱ्या बाहीचा सदरा घालावा, अंगठ्या आणि घड्याळ घरी ठेवावे, कारण अंगठीखालच्या त्वचेवर जंतूंची वस्ती बोटाच्या इतर भागापेक्षा दाट असते, आणि कक्षात शिरताना व बाहेर पडताना साबणाने पुरते ४० ते ६० सेकंद हात धुवावेत. हातांवरून होणारा प्रसार हा वस्त्रांवरून होणाऱ्या प्रसारापेक्षा किती तरी मोठा आहे. स्वच्छ धोतर नेसून न धुतलेल्या हातांनी रुग्णाला संत्र्याची फोड भरवणारा मनुष्य स्वच्छ आहे असे मी मानीत नाही.

आता रंगाकडे वळतो, कारण याबाबतीत लोकांत दोन टोकाची मते आहेत आणि दोन्ही मला अर्धवट वाटतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या थोर बाईने १८५९ साली परिचर्येवर जो छोटेखानी ग्रंथ लिहिला त्यात तिने आजाऱ्याच्या खोलीतील स्त्रियांच्या पोशाखावर चांगलेच तोंडसुख घेतले आहे: रेशमाची सळसळ, फुगीर घेरदार झग्यांची लटपट, कमरपट्ट्यांची आणि बुटांची करकर यांनी रोग्याला किती त्रास होतो हे ती पोटतिडिकेने सांगते. परंतु तीच बाई, त्याच ग्रंथात, भडक रंगाच्या फुलांनी तापाच्या रोग्यांना होणाऱ्या आनंदाचे वर्णन करते आणि नुसत्या भिंतीकडे दिवसेंदिवस पाहत पडलेल्या माणसाला रंगाची भूक लागते असे बजावते. तेव्हा रंग वाईट नाही. मग जरीची जांभळी साडी का वाईट? माझ्या मते उत्तर आकारात आणि हालचालीत आहे. उशाशी ठेवलेले फूल एवढेसे असते, स्थिर असते, आणि त्याच्याकडे पाहावे की नाही हे रोग्याच्या मर्जीवर असते. खाटेवर वाकलेल्या माणसाची साडी त्याचे सारे दृष्टिक्षेत्र व्यापते, हलते, आणि डोक्यावरच्या ट्यूबलाइटचा प्रकाश जरीवरून परतून थेट डोळ्यांत येतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या, अर्धशिशीने किंवा मेंदूच्या दुखण्याने पिडलेल्या रुग्णाला ही चमक असह्य होते.

पांढऱ्या रंगाच्या विरुद्ध तर शस्त्रवैद्यांनीही तक्रार केलेली आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोमधील एका शस्त्रवैद्याने आपल्या शस्त्रक्रियागृहातील पांढऱ्या भिंती आणि पांढरी वस्त्रे काढून तेथे हिरवा रंग योजला, कारण तीव्र दिव्याखाली पांढऱ्याची झळाळी डोळे दिपवी आणि रक्ताच्या लाल रंगाकडे पाहिल्यानंतर पांढऱ्या कापडावर हिरवट छटा तरळू लागत. आज शस्त्रक्रियागृहात हिरवे व निळे कपडे दिसतात त्यांच्या मुळाशी हीच अडचण आहे. आपल्या समाजात पांढऱ्याला आणखी एक अर्थ आहे, आणि तो माझ्या आत्याने गुंगीतही अचूक वाचला. ज्या पिढीने घरातील विधवांना आयुष्यभर पांढऱ्या वा फिकट लुगड्यात पाहिले आहे, आणि सांत्वनासाठी जाताना उंची वस्त्र बाजूस ठेवून साधे पांढरे नेसले आहे, त्या पिढीच्या रुग्णापुढे निखळ पांढरे वस्त्र नेसून उभे राहणे म्हणजे त्याला एक वार्ता न सांगता सांगण्यासारखे आहे. काळ्याबद्दल निराळे सांगण्याचे कारण नाही. मग उरते काय? पुष्कळ उरते: आकाशी, बदामी, अबोली, फिकट पोपटी, शेवाळी, राखाडीकडे न झुकणारा मोतिया. बारीक काठ चालतो, बारीक बुट्टी चालते. रुग्णाला बोटाने शिवून पाहता येईल असे काही तरी असणे त्याच्या मनाला बरेच वाटते. पुरुषांनी एक खबरदारी घ्यावी: मोरपंखी किंवा गर्द हिरव्या रंगाचा, आखूड बाह्यांचा, खिशात पेन खोचलेला सदरा घालून जाऊ नये, नाही तर शेजारच्या खाटेवरील रोग्याचे नातेवाईक आपल्याला कर्मचारी समजून सलाईन संपल्याची वर्दी देऊ लागतात. हे मी अनुभवाने सांगतो. सोबतीच्या एका रात्री मी तीन वेळा परिचारिकेला बोलावून आणले.

वासाचा विचार वस्त्राच्या विचारातच येतो, कारण वास कापडात मुरतो. अत्तर, सुगंधी पावडर, उदबत्तीचा धूर, तंबाखू हे सर्व टाळावे हे कोणीही सांगेल. परंतु डांबरगोळीबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. तिच्यातील नॅफ्थलीन हा पदार्थ हवेत उडून जातो, कपड्याच्या धाग्यांत साठतो, आणि काही लोकांच्या रक्तातील तांबड्या पेशींना बाधक ठरतो. ज्यांच्या पेशींत एका विशिष्ट विकराची जन्मतः उणीव असते (वैद्यकात तिला जी-सिक्स-पीडीची उणीव म्हणतात, आणि ती आपल्याकडेही काही समाजांत आढळते) अशा नवजात बालकांना डांबरगोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांच्या सान्निध्यामुळे पेशी फुटून तीव्र कावीळ झाल्याची उदाहरणे वैद्यकाला ठाऊक आहेत. तेव्हा बाळंतिणीला भेटावयास किंवा आजारी तान्ह्याला पाहावयास जाताना ट्रंकेतले वस्त्र नुसते झटकून नेसू नये. ते धुऊन, दोन दिवस उन्हावाऱ्यात टांगून, नाकाजवळ धरल्यावर काहीच वास येत नाही अशी खात्री करून मग नेसावे. गजऱ्याला अतिदक्षता विभागात आणि भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात मज्जाव असतो, तो केवळ वासासाठी नव्हे. ताज्या फुलांत आणि त्यांच्या ओलाव्यात जे बुरशीचे व इतर जंतू असतात ते निरोगी माणसास काही करीत नाहीत, पण ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी खाली आणलेली आहे किंवा ज्याची त्वचा गेली आहे त्याला ते झेपत नाहीत.

शालीनतेचा प्रश्न मला नैतिक कमी आणि भौमितिक अधिक वाटतो. रुग्णालयात आपण उभे क्वचितच असतो. बुटक्या स्टुलावर बसतो, चमच्याने पाणी पाजण्यासाठी वाकतो, खाटेखालचे भांडे काढण्यासाठी उकिडवे बसतो, रुग्णाला कुशीवर वळवताना दोन्ही हात गुंतवतो. या प्रत्येक आसनात वस्त्राने आपोआप जागेवर राहिले पाहिजे, कारण ते सावरावयास हात मोकळा नसतो. घरी एकदा स्टुलावर बसून, पुढे वाकून, जमिनीवरील लोटी उचलून पाहावी. गळा, पाठ, गुडघे यांची तपासणी एका मिनिटात होते. पादत्राण चटकन काढता येईल असे असावे, कारण अतिदक्षता विभागाच्या दाराशी ते पुष्कळदा उतरवावे लागते आणि तेथे नाडीचे बूट सोडीत बसणाऱ्याच्या मागे रांग उभी राहते.

तपासणीच्या खोल्यांबाबत एक वेगळा दंडक आहे. रुग्णासोबत चुंबकीय प्रतिमेच्या, म्हणजे एमआरआयच्या, खोलीत जाण्याची पाळी आली तर साडीची टाचणी, केसांतील आकडे, चाव्या, नाणी आणि पट्ट्याचे बकल या सर्वांचा बंदोबस्त दाराबाहेरच करावा लागतो, कारण तो चुंबक रोगी आत असो वा नसो, अखंड चालू असतो आणि लोखंडी वस्तू ओढून घेतो. जरीत धातूची तार असते हे येथे पुन्हा आठवावे.

आता धुण्याकडे येतो, आणि येथे थोडे रेंगाळतो, कारण 'धुता येण्याजोगे' या शब्दाचा अर्थ बहुतेक लोक 'पाण्यात टाकता येण्याजोगे' एवढाच करतात. रुग्णालयाच्या चादरी-कपड्यांसाठी ब्रिटनमध्ये पाळले जाणारे परिमाण असे की ६५ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात १० मिनिटे, किंवा ७१ अंशांवर ३ मिनिटे. आणि कर्मचाऱ्यांच्या गणवेशासाठी ६० अंशांवर १० मिनिटे धुतले असता बहुतेक जंतू नाहीसे होतात. भेटीस जाणाऱ्याला गणवेशाएवढी कडक शिस्त नको, परंतु त्याचे वस्त्र या पाण्यात तग धरू शकेल असे असावे. रेशीम हे सोसत नाही, लोकर आटते, आणि जरी काळवंडते. सुती कापड हे सोसते, उलट उकळत्या पाण्यातून निघाल्यावर अधिकच मऊ होते. टेरिकॉट व तत्सम कृत्रिम धाग्यांचे कापडही सोसते, शिवाय त्याला इस्त्री लागत नाही म्हणून ते लोकप्रिय आहे; मात्र रुग्णालयातील काही चिवट जंतू कापडावर किती दिवस जगतात याची जी निरीक्षणे झाली आहेत त्यांत कोठे एक दिवस तर कोठे काही आठवडे असा फरक आढळला, आणि कृत्रिम पॉलिएस्टरवर ते सुतापेक्षा अधिक काळ टिकताना दिसले. तेव्हा निवड असेल तर साधे सूत.

सुती असले तरी रंग पक्का आहे की नाही हे पाहिले पाहिजे. पांढऱ्या हातरुमालाचे टोक गरम साबणाच्या पाण्यात बुडवून साडीच्या आतल्या शिवणीवर, जेथे दिसणार नाही अशा ठिकाणी, दहा वेळा चोळावे. रुमालावर रंग उतरला तर ती साडी गरम पाण्यात घालावयाची नाही, आणि म्हणून रुग्णालयात नेसावयाची नाही. लाल काठाच्या हातमागाच्या साड्या या परीक्षेत पुष्कळदा नापास होतात. खळ घातलेली साडीही या कामाला गैरसोयीची. ती चालताना कुरकुरते, आणि वाकताना तिच्या चुण्या टोकदार होऊन रुग्णाच्या हाताला टोचतात.

घरी परतल्यावरची कृती अशी. वस्त्र उतरवताना ते झटकू नये, कारण झटकल्याने धूळ आणि धुळीबरोबरचे सर्व काही घरभर होते. ते आतल्या बाजूस गुंडाळीत काढावे आणि सरळ वेगळ्या बादलीत टाकावे. ६० अंशांचे पाणी मोजण्यास उष्णतामापकाची गरज नाही. नळाचे पाणी आपल्याकडे सर्वसाधारणपणे २५ अंशांच्या आसपास असते, आणि उकळते पाणी १०० अंशांचे. दोन्ही समभाग घेतले तर मिश्रण साडेबासष्ट अंशांचे होते. बादली आणि कापड त्यातील काही उष्णता खातात, म्हणून उकळते पाणी समभागापेक्षा एक तांब्या अधिक घ्यावे. बादलीत थंड पाणी आधी ओतावे आणि उकळते मागून, म्हणजे वाफेने हात भाजत नाही. साबणाची पूड घालून, काठीने कपडा बुडवून, वर ताट झाकावे आणि अर्धा तास थांबावे. नंतर नेहमीप्रमाणे चुबकून, दोन पाण्यांतून काढून कडक उन्हात वाळत घालावे आणि गरम इस्त्री फिरवावी. आपले पूर्वज बाहेरून आल्यावर कपडे न्हाणीत उतरवीत आणि धुतलेले वस्त्र नेसूनच स्वयंपाकघरात शिरत. त्या सोवळ्यामागची कारणे निराळी होती आणि त्यांतील पुष्कळ मला मान्य नाहीत, पण बादली त्यांनी योग्य जागी ठेवली होती हे कबूल करावे लागते.

रात्रीच्या सोबतीला राहणाऱ्याने दोन जोड न्यावेत, एक अंगावर आणि एक पिशवीत, कारण रुग्णाची उलटी किंवा सलाईनचे पाणी अंगावर सांडणे हा अपघात नसून नित्यक्रम आहे. कक्ष वातानुकूलित असेल तर अंगावर घेण्यास सुती चादर न्यावी. लोकरीची शाल उबदार खरी, पण ती गरम पाण्याच्या बादलीत जात नाही. पावसाळ्यात छत्री व रेनकोट दाराबाहेरच ठेवण्याची तजवीज करावी, आणि पायजम्याचे ओले काठ घेऊन कोणाच्याही खाटेवर बसू नये. खाटेवर तसेही बसू नयेच.

तिसऱ्या संध्याकाळी माझी पत्नी आली. आदल्या दोन्ही प्रसंगांचा तपशील मी तिला सांगितला होता, आणि कपाटापुढे उभी राहून तिने बराच वेळ घेतला होता. जरीच्या साड्या आपसूक बाद झाल्या, पांढरी बाद झाली, इरकलीचा रेशमी पदर म्हणून ती बाद झाली. डाळिंबी रंगाची एक सुती साडी चांगली होती, पण रुमालाच्या परीक्षेत तिने रुमाल गुलाबी केला. शेवटी कपाटाच्या तळातून फिकट आकाशी रंगाची, बारीक बदामी काठाची, शेकडो वेळा धुऊन मऊ पडलेली एक साडी निघाली, जी रोज घरात नेसतात म्हणून बाहेर नेसावी हे कोणाला सुचले नसते. ती तिने दोन बोटे उंच नेसली, पदर खांद्यावर टाचून कमरेला खोचला, मंगळसूत्र पोलक्याच्या आत सोडले, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि दाराशी हात धुऊन स्टुलावर बसली. आत्या त्या दिवशी पुरती शुद्धीवर होती. तिने मोकळ्या हाताने गुडघ्यावरचा साडीचा काठ चिमटीत धरला, अंगठ्याने दोनदा चाचपला, आणि भुवया उंचावून म्हणाली, "ही मी दिलेली ना गं, दिवाळसणाला? किती धुतलीस!"